विश्लेषण : उलट्यांमुळे फिटची गोळी पोटात टिकली नाही तर काय करावे?

गॅस्ट्रोच्या साथीत दोन दिवस उलट्या होऊन बरे वाटणे ही बहुतेकांसाठी विसरून जाण्याजोगी गोष्ट असते. अपस्माराच्या म्हणजेच फिटच्या रुग्णासाठी मात्र हे दोन दिवस धोक्याचे ठरू शकतात. महिनोन् महिने किंवा काही वर्षे फिट आलेली नसते, गोळ्या वेळेवर सुरू असतात, आणि एका रात्रीच्या उलट्यांमध्ये औषध पोटात टिकत नाही. अशा वेळी घरातले गोंधळतात. गोळी पुन्हा द्यावी तर दुप्पट डोस होण्याची भीती आणि न द्यावी तर फिट येण्याची. या गोंधळाचे उत्तर बऱ्याच अंशी घड्याळात असते. गोळी किती वाजता घेतली, उलटी किती वाजता झाली आणि याआधी पोटात टिकलेला शेवटचा डोस कधीचा, या तीन वेळा माहीत असतील तर पुढचा निर्णय सोपा होतो.

उलट्यांच्या आजारात फिट येण्याचा धोका का वाढतो?

फिटचे औषध आजार कायमचा बरा करत नाही. रक्तात त्याचे ठरावीक प्रमाण असेपर्यंत ते मेंदूतील पेशींचा अनियंत्रित विद्युतप्रवाह रोखून धरते. प्रमाण घसरले की संरक्षण कमी होते. नियमित औषध घेणाऱ्या रुग्णाला अचानक फिट येण्याच्या प्रमुख कारणांत डोस चुकणे हे कारण नेहमी असते.

उलट्या-जुलाबांत डोस चुकण्याच्या जोडीला आणखी गोष्टी घडतात. रात्रभर झोप होत नाही, ताप असतो, पोटात अन्न नसते आणि शरीरातील क्षार कमी होतात. यातील प्रत्येक गोष्ट एकटीही फिटला निमित्त ठरू शकते. म्हणून एरवी एखादा डोस दोन तास उशिरा घेऊन काही न झालेल्या रुग्णालाही या दिवसांत तेवढीच चूक महागात पडू शकते.

कोणते औषध किती वेळ पुरते?

एक डोस चुकल्याचा परिणाम सगळ्या औषधांत सारखा नसतो. औषधाचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला लागणारा काळ प्रत्येकाचा वेगळा असतो. सध्या मोठ्या प्रमाणावर लिहून दिले जाणारे लेव्हेटिरासेटम प्रौढांमध्ये साधारण ६ ते ८ तासांत निम्मे होते. सोडियम व्हाल्प्रोएटला ९ ते १६ तास लागतात. बराच काळ कार्बामाझेपिन घेणाऱ्यांमध्ये ते १२ ते १७ तासांत निम्मे होते. फेनिटॉइनला सरासरी २२ तास लागतात, तर जुन्या फेनोबार्बिटोनला तीन-चार दिवस.

म्हणजे फेनोबार्बिटोन घेणाऱ्याचा एक डोस वाया गेला तरी रक्तात बराच साठा शिल्लक असतो. लेव्हेटिरासेटम घेणाऱ्याकडे तेवढी सवड नसते. अर्थात, यावरून एखाद्या औषधाचा डोस चुकला तरी चालतो असा अर्थ काढता येत नाही. किती घाई करायची, एवढेच यावरून कळते.

गोळी पुन्हा कधी द्यावी आणि कधी देऊ नये?

साध्या गोळीसाठी डॉक्टर सर्वसाधारणपणे पुढील नियम सांगतात. गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तोच डोस एकदा पुन्हा द्यावा. उलटीत गोळी किंवा तिचे मोठे तुकडे स्पष्ट दिसले तर ती शोषली गेली नाही हे उघडच आहे, त्यामुळे तेव्हाही पुन्हा देता येते. एक तास उलटून गेल्यावर उलटी झाली आणि गोळी दिसली नाही तर औषध बरेचसे आतड्यात गेलेले असते. अशा वेळी पुन्हा देऊ नये, पुढचा डोस नेहमीच्या वेळी द्यावा. अर्धा तास ते एक तास हा मधला काळ संदिग्ध असतो. तेव्हा औषधाचे नाव सांगून डॉक्टरांना फोनवर विचारणे चांगले. ब्रिटनमध्ये पालकांसाठी काढल्या जाणाऱ्या ‘मेडिसिन्स फॉर चिल्ड्रेन’ या माहितीपत्रकांतही फिटच्या अनेक औषधांसाठी ३० मिनिटांचीच मर्यादा दिलेली आहे.

या नियमाच्या तीन मर्यादा लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, पुन्हा देणे म्हणजे एकदाच. दुसऱ्यांदा दिलेली गोळीही उलटून पडली तर घरच्या घरी तिसरी देऊ नये. नेमके किती औषध आत गेले याचा हिशेब तिथे हातातून सुटतो आणि गोळ्यांनी हा प्रश्न सुटणार नाही हेही स्पष्ट झालेले असते. दुसरी मर्यादा लांबवलेल्या असराच्या गोळ्यांची. ज्यांच्या नावापुढे सीआर, एक्सआर, ईआर अशी अक्षरे असतात त्या गोळ्या अनेक तास हळूहळू विरघळतात. त्यांना तासाभराचा नियम नीट लागू पडत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पटकन शोषल्या जाव्यात म्हणून त्या कुटून देणे तर धोक्याचेच, कारण दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते.

तिसरी मर्यादा उलटीच्या कारणाची. कधी कधी औषधाचे प्रमाण वाढल्यामुळेच उलट्या होत असतात. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्या रुग्णाला उलट्यांबरोबर चालताना तोल जाणे, एकाची दोन दिसणे, जीभ जड होणे असा त्रास होत असेल आणि जुलाब किंवा ताप नसेल, तर गोळी पुन्हा देण्याआधी डॉक्टरांना दाखवावे. व्हाल्प्रोएट घेणाऱ्याला उलट्यांसोबत पोटात तीव्र दुखत असेल, डोळे पिवळे दिसत असतील किंवा तो अकारण गुंगीत असेल, तर स्वादुपिंड किंवा यकृताचा त्रास असण्याची शक्यता असते. तो गॅस्ट्रो समजून घरी थांबू नये.

एका रात्रीचा हिशेब कसा मांडायचा?

समजा, २६ वर्षांची एक शिक्षिका लेव्हेटिरासेटमची ७५० मिलिग्रॅमची साधी गोळी सकाळी ८ आणि रात्री ८ वाजता घेते. दोन वर्षांत तिला फिट आलेली नाही. रविवारी दुपारी लग्नाचे जेवण झाले आणि संध्याकाळपासून मळमळ सुरू झाली. रात्री ८ वाजता तिने गोळी घेतली, सव्वाआठला उलटी झाली आणि उलटीत गोळी दिसली.

सकाळची ८ ची गोळी टिकलेली होती. रोज रात्री ८ वाजता, म्हणजे पुढची गोळी घ्यायच्या क्षणी, तिच्या रक्तातील औषध दिवसभरातल्या सर्वात खालच्या पातळीवर असते. या तळाची तिच्या मेंदूला सवय आहे. रात्रीची गोळी आत गेली नाही तर प्रमाण या तळाच्याही खाली उतरू लागते. सुमारे सात तासांत निम्मे होते असे धरले तर पहाटे ३ वाजता ते नेहमीच्या तळाच्या निम्मे आणि सकाळी १० वाजता पाव राहील. म्हणजे निर्णय सकाळपर्यंत लांबवण्यात अर्थ नाही. तशी मध्यरात्री धावपळ करण्याचीही गरज नाही. हाताशी दोन-तीन तास आहेत.

उलटी झाल्याबरोबर लगेच गोळी दिली तर तीही पडण्याची शक्यता अधिक असते. म्हणून आधी दहा मिनिटे काहीच देऊ नये. नंतर ओआरएसचे पाणी दर दोन मिनिटांनी एक चमचा याप्रमाणे सुरू करावे. मळमळ टिकून असेल तर डॉक्टरांना फोन करावा. अशा वेळी ते बहुधा जिभेवर विरघळणारी ऑन्डॅन्सेट्रॉनची गोळी सुचवतात. ती घेतल्यावर अर्धा-पाऊण तास थांबले की पोट बरेच शांत होते. या हिशेबाने साडेनऊच्या सुमारास फिटची गोळी दोन घोट पाण्यासोबत पुन्हा घेता येईल. गोळी गिळणे जड जात असेल तर याच औषधाचे सिरप मिळते. एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे साडेसात मिलिलिटर म्हणजे तिचा नेहमीचा डोस. बाटलीवरील प्रमाण वाचूनच मोजावे.

इथून दोन वाटा फुटतात. साडेदहापर्यंत उलटी झाली नाही तर डोस पोटात गेला असे मानावे. त्यानंतर मध्यरात्री पुन्हा उलटी झाली तरी त्या डोसचा विचार करू नये. सकाळी ८ ची गोळी ठरल्या वेळी घ्यावी. दुसरी वाट म्हणजे साडेनऊची गोळीही दहा मिनिटांत उलटून पडली. आता घरात करण्यासारखे फार उरत नाही. औषध शिरेतून देता येईल अशा रुग्णालयात त्याच रात्री जाणे योग्य. ‘सकाळी बघू’ म्हणून थांबले आणि सकाळचाही डोस टिकला नाही, तर शेवटचा टिकलेला डोस २४ तासांपूर्वीचा असेल. तेव्हा रक्तात नाव घेण्याइतकेच औषध उरलेले असते.

डोस देण्याचेच राहून गेले तर?

अनेकदा गोळी उलटून पडत नाही, रुग्ण झोपलाय म्हणून ती दिलीच जात नाही. दिवसातून दोनदा घ्यायच्या औषधाबाबत सर्वसाधारण पद्धत अशी की आठवण झाल्यावर डोस द्यावा. मात्र पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून पुढचा वेळेवर द्यावा. भरपाई म्हणून दोन डोस एकदम देऊ नयेत. फेनिटॉइनच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे. त्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की शरीराला ते बाहेर टाकणे जमत नाही आणि थोड्या जास्त डोसनेही विषबाधेची लक्षणे दिसू लागतात.

लॅमोट्रिजिनचा नियम आणखी वेगळा आहे. आजारपणात ते सलग काही दिवस, साधारण पाच दिवसांहून अधिक, बंद राहिले तर जुना पूर्ण डोस एकदम सुरू करू नये. तसे केल्यास अंगावर गंभीर पुरळ येण्याचा धोका असतो. अशा वेळी अगदी कमी मात्रेपासून पुन्हा चढवत न्यावे लागते. सोबत दुसरी औषधे सुरू असतील तर दिवसांची ही मर्यादा बदलते, म्हणून तीन-चार दिवस खंड पडला असला तरी आधी विचारावे.

कोणती औषधे घेताना सावध राहावे?

उलट्या-जुलाबांवर मेडिकल दुकानातून सांगून आणलेल्या गोळ्या हा यातला कमी लक्षात येणारा धोका आहे. उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड फिटच्या रुग्णांना टाळले जाते. त्याने मान वाकडी होणे, जबडा आवळणे, डोळे वर जाणे असे स्नायूंचे झटकेही येऊ शकतात. विशेषतः मुले आणि तरुण यांच्यात हे होते आणि घरच्यांना ती फिटच वाटते. जुलाबांसाठी सर्रास दिली जाणारी ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन या गटातील प्रतिजैविके फिट येण्याची शक्यता वाढवू शकतात. बहुतेक गॅस्ट्रो विषाणूंमुळे होतो आणि त्याला प्रतिजैविकांची गरजच नसते. म्हणून नव्या डॉक्टरांकडे किंवा दुकानात पहिले वाक्य ‘फिटची गोळी सुरू आहे’ हे असावे.

पाण्याचेही तसेच आहे. उलट्या-जुलाबांत शरीरातून पाण्याबरोबर सोडियम जाते. त्याच्या जागी केवळ साधे पाणी भरपूर पाजले तर रक्तातील सोडियम आणखी पातळ होते आणि सोडियम फार खाली गेले की त्यामुळेच फिट येऊ शकते. ऑक्सकार्बाझेपिन आणि कार्बामाझेपिन ही औषधे मुळातच सोडियम कमी करणारी आहेत. ती घेणाऱ्यांनी ओआरएसवरच भर द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेले मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट २०० मिलिलिटरसाठी. मोठे पाकीट पेलाभर पाण्यात किंवा लहान पाकीट लिटरभर पाण्यात घातले की प्रमाण बिघडते. खोक्यातली गोड पेये ओआरएसची जागा घेत नाहीत.

रुग्णालयात कधी न्यावे आणि तिथे काय सांगावे?

सलग दोन डोस पोटात टिकले नाहीत, किंवा एक डोस पुन्हा देऊनही उलटून पडला, तर फिट येण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे. आठ तासांत लघवी झाली नसेल, रुग्ण गुंगीत किंवा गोंधळलेला असेल, उलटीत रक्त दिसत असेल, किंवा तापासोबत डोके फार दुखून मान ताठ झाली असेल, तर डोस टिकला असला तरी न्यावे. यातील शेवटची लक्षणे गॅस्ट्रोची नसून मेंदूज्वराची असू शकतात.

तिथे सलाईन लावले म्हणजे काम झाले असे नाही. सलाईनमध्ये फिटचे औषध नसते. उलट्यांमुळे ‘तोंडाने काही देऊ नका’ अशी सूचना मिळते आणि त्यात फिटची गोळीही आपोआप बंद होते. म्हणून नातेवाइकांनी ‘फिटचा डोस इंजेक्शनने कधी देणार’ असे स्पष्ट विचारावे. लेव्हेटिरासेटम, व्हाल्प्रोएट, फेनिटॉइन, लॅकोसामाइड आणि फेनोबार्बिटोन शिरेतून देता येतात. वर उल्लेख केलेल्या शिक्षिकेला तिचा ७५० मिलिग्रॅमचाच डोस साधारण १५ मिनिटांत सलाईनमधून देता येईल. कार्बामाझेपिन किंवा लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांसाठी आपल्याकडे तेच इंजेक्शन सहसा उपलब्ध नसते. त्यांना उलट्या थांबेपर्यंत दुसऱ्या औषधाचा आधार द्यावा लागतो. तो निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांशी बोलून व्हावा. रुग्णालयात औषधांची पाकिटे, डोसच्या वेळा आणि शेवटचा टिकलेला डोस कधीचा याची चिठ्ठी सोबत असली की वेळ वाचतो.

या दरम्यान फिट आली तर?

रुग्णाला कुशीवर वळवावे. उलट्या होत असताना हे सर्वात महत्त्वाचे, कारण पाठीवर झोपलेल्या रुग्णाची उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा गोळी घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, हातात किल्ल्या देण्यात वेळ घालवू नये. त्याऐवजी घड्याळ पाहावे. डॉक्टरांनी मिडाझोलामचा नाकात मारायचा फवारा आधी लिहून दिला असेल तर त्यांनी ठरवून दिलेल्या मात्रेत तो द्यावा. फिट पाच मिनिटांहून अधिक चालली, पहिल्या फिटमधून शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली किंवा श्वास नीट येत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. फिट लवकर थांबली तरी डोस चुकलेला असताना ती आली आहे, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आजार येण्याआधी काय ठरवून ठेवता येईल?

पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांकडून एका कागदावर पाच उत्तरे लिहून घ्यावीत. उलटी किती मिनिटांत झाली तर डोस पुन्हा द्यायचा, उलटीवर कोणते औषध किती चालेल, सिरपचा बरोबरीचा डोस किती, फवारा किती आणि कधी द्यायचा, आणि रात्री-अपरात्री कोणत्या रुग्णालयात जायचे. वय, वजन, गर्भारपण, मूत्रपिंड किंवा यकृताचा आजार यांनुसार ही उत्तरे बदलतात, म्हणून दुसऱ्या रुग्णाचा कागद वापरून चालत नाही. त्या कागदासोबत डब्यात ओआरएसची चार पाकिटे आणि फिटच्या गोळ्यांचा आठवडाभराचा जादा साठा ठेवावा. पुन्हा दिलेला डोस याच साठ्यातून जातो. महिन्याच्या शेवटी शेवटची गोळी उलटून पडली आणि रात्री दुकान बंद असले, तर बाकी सगळा हिशेब बरोबर असूनही उपयोग होत नाही.